दोनदा विकलेले डॉलर

एका बाईचे चाळीस हजार डॉलर मी दोनदा विकले. हे वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागले. मी बँकेत नोकरी करतो. डॉलरची आवक-जावक, निर्यातदारांची बिले, त्यांची कर्जे ही कामे आमच्या झाशीच्या शाखेत माझ्याच टेबलावर होतात. म्हणून चूक नक्की कोणाची, हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. चूक माझी होती. माझ्याशिवाय ते कोणाला ठाऊक नव्हते, आणि मी ते कोणाला ठाऊक होऊ दिले नाही.

शाखा सिविल लाइंसमध्ये आहे. शहर मोठे नाही, निर्यातदार मोजकेच. कोणी दगडाचा, कोणी मसाल्याचा, आणि चार-पाच जण मऊ खेळण्यांचे. फरचे अस्वल, हत्ती, ससे. त्या चार-पाच जणांत वहिनी, म्हणजे हीच बाई, एकट्याच मराठी. त्यांचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळकडचे. आमचे घर इथले जुने, सात-आठ पिढ्यांचे, आणि आमची मराठी ऐकून बाहेरून आलेली माणसे गालातल्या गालात हसतात. पण गावात मराठी बोलायला माणसे इतकी थोडी की पहिल्याच भेटीत त्या मला भाऊ म्हणू लागल्या आणि मी त्यांना वहिनी. बँकेत हे नाते बरे नसते. ग्राहक प्रश्न कमी विचारतो.

वहिनी मात्र प्रश्न विचारत.

मी ही चूक केली त्या दिवशी वहिनी दुपारी आल्या. बाहेर लू, म्हणजे इकडचा उन्हाळ्यातला तापलेला वारा, चालू होती आणि आमचा कूलर नुसताच आवाज करत होता. बारा बायकांनी पाच महिने शिवलेले हत्ती आदल्याच आठवड्यात कंटेनरमध्ये भरून गेले होते. परदेशातला खरेदीदार चाळीस हजार डॉलर देणार होता, पण सहा महिन्यांनी. एवढी मोठी ऑर्डर त्यांना प्रथमच मिळाली होती. सगळा खर्च वजा जाता साडेतीन-चार लाख सुटतील असा त्यांचा अंदाज होता. त्यातून त्यांना भरतकामाचे एक मशीन घ्यायचे होते आणि पुढची ऑर्डर स्वतःच्या हिमतीवर उचलायची होती.

"डॉलर खाली आला तर?" त्यांनी खुर्चीवर बसता बसताच विचारले.

"तर तुमचे हत्ती स्वस्तात गेले असं समजायचं."

"चेष्टा नको. यांनी आधीच घरात माझं नाव डॉलरवाली बाई ठेवलंय."

मी समजावून सांगितले की यावर दोन उपाय असतात. एक म्हणजे फॉरवर्डचा करार. सहा महिन्यांनी येणारे डॉलर बँकेला कोणत्या दराने विकायचे ते आजच ठरवून टाकायचे. त्या दिवशी बाजारात डॉलर चौऱ्याऐंशी रुपये होता, आणि सहा महिन्यांनंतरच्या व्यवहाराला आमची बँक चौऱ्याऐंशी रुपये पंचाहत्तर पैसे देत होती.

"सहा महिन्यांनी डॉलर पंचाहत्तर पैशांनी वाढणार, हे बँकेला कुठून कळलं?"

"कळलेलं काहीच नाही. हे भविष्य नव्हे, नुसतं व्याज आहे."

मी पैसे भरायच्या स्लिपची मागची बाजू घेतली. मोठ्या बँकांमध्ये आपापसात रुपयावर वर्षाला ६.९ टक्के व्याज चालले होते, डॉलरवर ४.९. अर्ध्या वर्षाचे ३.४५ आणि २.४५. एखाद्या मोठ्या बँकेने आज डॉलर उसने घेतले, चौऱ्याऐंशीने विकले आणि आलेले रुपये सहा महिने व्याजाने लावले, तर शेवटी तिच्या हातात जेवढे रुपये येतात त्यांना, परत करायच्या डॉलरने भागायचे. चौऱ्याऐंशी गुणिले १.०३४५, भागिले १.०२४५. उत्तर ८४.८२. फॉरवर्डचा दर याच्या आसपासच राहतो. तो यापेक्षा वर गेला तर बँका डॉलर उसने घेऊन, विकून, रुपये लावून, पुढचे डॉलर... इथे माझा पेन अडखळला. मी ते पुन्हा मांडले. फॉरवर्ड दर महाग असला तर आज डॉलर विकत घेऊन ठेवायचे आणि पुढच्या तारखेला महाग विकायचे. स्वस्त असला तर डॉलर उसने घेऊन आज विकायचे आणि परत करायचे डॉलर फॉरवर्डमध्ये स्वस्तात घ्यायचे. दोन्हीकडे फुकटचा नफा, म्हणून सगळे तेच करतात, आणि त्यांच्या करण्यानेच दर जागेवर येतो. वरचे सात पैसे आमच्या बँकेचे.

वहिनींनी त्यांच्या वहीत ते उतरवून घेतले. मग पेन्सिल कानामागे खोवली आणि म्हणाल्या, "म्हणजे फॉरवर्ड केलं काय, आणि आज डॉलर उसने घेऊन विकले काय, गोष्ट एकच."

"एकच. तोच दुसरा उपाय. तुमच्या बिलावर बँक तुम्हाला डॉलरमध्ये कर्ज देते. सहा महिन्यांनी खरेदीदाराचे डॉलर आले की कर्ज त्यातूनच फिटतं."

"पण एक कुठे? मला मोठ्या बँकांच्या दरानं कोण देणार?"

तेवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणत्याही निर्यातदाराने इतक्या लवकर विचारलेला नव्हता. मी पुढचा हिशेब मांडला. त्यांना डॉलरचे कर्ज सात टक्क्यांनी मिळणार, म्हणजे सहा महिन्यांचे साडेतीन. शेवटी व्याजासकट बरोबर चाळीस हजार फेडता यावेत म्हणून आज ३८,६४७ डॉलर घ्यायचे. ते चौऱ्याऐंशीने विकले की ३२,४६,३४८ रुपये. हे रुपये साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर सहा महिन्यांनी साडेतेहतीस लाखांच्या थोडे वर. डॉलरमागे ८३.८० पडले. फॉरवर्ड त्याहून सरळ सरळ चांगला.

"ठेव कशाला?" वहिनी म्हणाल्या. "माझी सीसी भरून टाकते की."

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, धंद्यासाठी लागेल तसे उचलायचे बँकेचे कर्ज. त्यांची मर्यादा पस्तीस लाखांची होती आणि फर, फायबर, दोरा आणि मजुरी यात ती जवळजवळ पूर्ण उचललेली होती. त्यावर व्याज साडेदहा टक्के. ते पैसे तिथे भरले तर सहा महिन्यांत सव्वापाच टक्के वाचतात. हिशेब ३४,१६,७८१ वर गेला. डॉलरमागे ८५.४२. फॉरवर्डपेक्षा सदुसष्ट पैसे जास्त, म्हणजे जवळपास सत्तावीस हजारांचा फायदा. बाजारात दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात, पण वहिनींना रुपयाची गरज साडेदहा टक्क्यांची होती, म्हणून त्यांच्यासाठी कर्जाची वाट चांगली. हे त्यांनी शोधून काढले. मी फक्त आकडे लिहिले.

इथे थांबायला हवे होते. सत्तावीस हजार वाचले असते आणि मी ही आठवण लिहायला बसलो नसतो.

पण त्याच आठवड्यात तिमाही संपत होती. आमचे शाखा व्यवस्थापक सकाळपासून दोनदा माझ्या टेबलाशी येऊन गेले होते. "भाई साहब, लोन तो ठीक है, फॉरवर्ड कितना हुआ? रीजनल ऑफिस फॉरवर्ड पूछ रहा है." आमच्याकडे या दोन गोष्टींची दोन वेगवेगळी कपाटे. कर्जाची फाइल माझ्या टेबलावरून पुढे कर्ज विभागाकडे जाते. फॉरवर्डचे रजिस्टर वेगळे, त्याचा अहवालही वेगळा जातो. इतकी वर्षे मी ते असेच पाहिले होते. कर्ज म्हणजे पैशाची सोय, फॉरवर्ड म्हणजे दराची सोय. कर्जातच दराची सोय होऊन जाते हे मी त्याच स्लिपवर स्वतःच्या हाताने सिद्ध केले होते. तरी मी म्हणालो, "कर्ज घ्या, आणि वर एक फॉरवर्डही करून टाकू. दर पक्का होईल."

वहिनी जरा गोंधळल्या. "पण डॉलर तर आपण आजच विकतोय ना?"

"ते कर्जाचे डॉलर, वहिनी. खरेदीदाराचे डॉलर अजून यायचेत."

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की मलाही ते पटले. त्यांनी वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे. बँकेतला माणूस, त्यात मराठी, त्यात भाऊ. त्यांनी सही केली.

आमच्याकडे नियम आहे की बिलावर कर्ज दिले की मूळ इन्व्हॉइसवर शिक्का मारायचा, म्हणजे तेच बिल दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. मी शिक्का मारला. फॉरवर्डसाठीही कागद लागतो, ज्या पैशाचा करार करायचा तो खरोखर येणार आहे याचा पुरावा. इन्व्हॉइसवर शिक्का होता, म्हणून मी खरेदीदाराच्या ऑर्डरची प्रत लावली. ऑर्डरही चाळीस हजारांची, त्याच हत्तींची. कागद दोन, डॉलर तेच. मला त्या वेळी हे दिसले नाही असे मी वर्षभर स्वतःला सांगत राहिलो. शिक्का मारलेला कागद बाजूला ठेवून दुसरा कागद शोधणारा हात माझाच होता, तेव्हा काहीतरी दिसले असणारच.

सोळा-सतरा दिवसांनी प्रादेशिक कार्यालयासाठी फॉरवर्डचा तक्ता भरताना माझ्यासमोर दोन ओळी आल्या, एक कर्जाच्या यादीतली, एक फॉरवर्डची. तेच नाव, तीच रक्कम, तीच तारीख. सहा महिन्यांनी एकदाच येणारे चाळीस हजार डॉलर एकीकडे कर्ज फेडायला बांधलेले आणि दुसरीकडे बँकेला विकायला बांधलेले. त्या दिवशी कर्ज फिटेल आणि फॉरवर्डसाठी द्यायला वहिनींकडे एकही डॉलर नसेल. तो करार मोडायचा म्हणजे त्या दिवशीच्या बाजारभावाने डॉलर विकत घेऊन ८४.७५ ने विकण्यासारखेच. डॉलर चढला असेल तर सगळा फरक त्यांच्या खिशातून. जिथे धोका उरला नव्हता तिथे मी उलट्या दिशेचा एक नवा धोका उभा केला होता, आणि तो त्यांना विकला होता.

मला हे कळले त्या दिवशी त्याच तारखेचा फॉरवर्ड पंच्याऐंशी रुपयांना होता. पंचवीस पैशांचा फरक. दहा हजार रुपयांत प्रकरण मिटत होते. फोन उचलायचा, वहिनींना बोलवायचे, चूक सांगायची, व्यवस्थापकांना लिहून द्यायचे. दहा हजार मी स्वतः भरले असते तरी चालले असते.

मी फोन उचलला नाही. त्याच्या वर्षभर आधी मला ताकीद देणारा एक मेमो मिळाला होता, दुसऱ्याच कारणाने. चौकशी लागली तर बदली नक्की, आणि घरी आई अंथरुणावर होती. तिला दर तीन तासांनी कुशीवर वळवावे लागे. बायको आणि मी पाळ्या लावल्या होत्या. हे मी कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही, असे लिहिण्याची माझी इच्छा आहे. पण खरे म्हणजे त्या वेळी मी ते सबब म्हणूनच वापरले. मनात म्हणालो, रुपया सावरेल. थोडा सावरला की मोडून टाकू.

रुपया सावरला नाही. पहिला महिना मी रोज सकाळी दर बघत असे. दुसऱ्या महिन्यात एक दिवसाआड. चौथ्या महिन्यात मी स्वतःहून बघणे सोडून दिले, आणि कोणी शेजारी डॉलरबद्दल बोलू लागले की चहाला उठत असे. आई त्याच सुमारास गेली. तेराव्याला वहिनी आणि त्यांचे यजमान आले होते. वहिनींनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारले की पैशांची काही अडचण असेल तर सांगा. बायकोने मला ते रात्री नाही, तिथेच, पंगतीत वाढता वाढता सांगितले. मी आमटीचे भांडे घेऊन नुसता उभा राहिलो.

ठरल्या तारखेला खरेदीदाराचे चाळीस हजार डॉलर आले. एक दिवसही उशीर नाही. कर्ज फिटले. फॉरवर्ड मोडला गेला. त्या दिवशी डॉलर सत्त्याऐंशी रुपये साठ पैसे होता. दोन रुपये पंच्याऐंशी पैसे, गुणिले चाळीस हजार. वहिनींच्या खात्यातून एक लाख चौदा हजार वळते झाले, आणि वर करार मोडण्याचा आकार.

दुसऱ्या दिवशी ती दोघे आली. यजमान खुर्चीत बसले, वहिनी उभ्याच. हातात खात्याचा उतारा.

"भाऊ, हे एक लाख चौदा काय आहे?"

"बाजार वर गेला, वहिनी. फॉरवर्डमध्ये असं होतं कधी कधी."

"पण डॉलर वर गेला तर माझा फायदा व्हायला हवा. नाहीतर ना फायदा ना तोटा. तोटा कसा?"

त्या पुन्हा बरोबर होत्या. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "ते जरा किचकट असतं."

यजमान हसले. वाईट माणूस नाही, पण आयुष्यभर महिन्याच्या पगारावर जगलेला. "मी काय सांगत होतो? हा जुगार आहे. साहेब, तुम्हीच समजवा हिला. शिवणकाम येतं म्हणजे डॉलर येतो का?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. "माझंच गणित चुकलं का?"

उत्तर द्यायला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "डॉलर इतका जाईल हे कोणाला माहीत होतं?"

हे खोटे नव्हते. पण त्यांनी ते विचारलेच नव्हते. त्यांनी उतारा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "असेल. मला व्याजाचं डोकं नाही."

डॉलर उलट खाली आला असता तर करार मोडताना त्यांना लाखभर मिळाले असते, आणि चूक चूकच राहिली असती. कोणी काही विचारले नसते इतकेच.

त्यानंतर त्या सात-आठ महिने शाखेत आल्या त्या फक्त पैसे भरायला. भरतकामाचे मशीन आले नाही. मग एक दिवस इलाइट चौराह्यावर दोऱ्याच्या दुकानात भेटल्या. मी मुलीसाठी काहीतरी घ्यायला गेलो होतो. त्या रिळे निवडत होत्या, एकाच रंगाची, ढीगभर.

"मोठं काम दिसतंय," मी म्हणालो.

"दिल्लीच्या व्यापाऱ्याचं. नगामागे साडेअठरा रुपये. कापड त्याचं, नाव त्याचं, परदेशात तोच पाठवतो. आपण फक्त शिवायचं."

"आणि तुमचा तो खरेदीदार?"

"तो मेल करतो. आठ हजार नग पाहिजेत म्हणतो. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय." त्यांनी एक रीळ उजेडात धरून पाहिले. "नाहीच कळवणार आहे. हे म्हणतात बरं झालं, सुटलीस. मलाही वाटतं, माल कसा करायचा ते येतं मला, पण ते पुढचं नाही झेपत. तुम्ही इतकं समजावून सांगितलं होतं, भाऊ. मीच कुठेतरी चुकीचं समजले."

मी दुकानातून काहीच न घेता बाहेर आलो. उन्हात चालत शाखेत परतलो. मला आतापर्यंत वाटत होते की मी त्यांचे एक लाख चौदा हजार घालवले. ते मी कधीतरी, कसेतरी भरून देईन असेही मनात कुठेतरी होते. पण ज्या बाईने माझ्या स्लिपवरचे गणित माझ्याआधी सोडवले होते, ती आता साडेअठरा रुपयांवर शिवत होती, कारण आपल्याला गणित येत नाही असे तिला वाटत होते. आणि तसे वाटू देणारा मी होतो. शुक्रवारला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी बुधवारी सकाळी मी व्यवस्थापकांना लेखी दिले. एकाच बिलावर कर्ज आणि फॉरवर्ड दोन्ही कसे दिले, शिक्क्याचा कागद टाळून दुसरा कागद कसा लावला, कधी कळले, का गप्प राहिलो. ग्राहकाचा तोटा बँकेने भरून द्यावा, आणि बँकेला वाटल्यास माझ्याकडून वसूल करावा. व्यवस्थापक नवे होते, आधीचे बदलून गेले होते. त्यांनी दोनदा वाचले. "ये आप दे रहे हैं? सोच लीजिए, भाई साहब. किसी ने पूछा भी नहीं है."

"इसीलिए दे रहा हूँ."

त्यांनी पोच सही करून दिली. त्याचे पुढे काय होईल ते हे लिहिताना अजून ठरलेले नाही. चौकशी चालू आहे.

दुपारी मी वहिनींच्या घरी गेलो. रेल्वेच्या जुन्या वस्तीपलीकडे त्यांचे घर, पुढच्या दोन खोल्यांत शिलाई चालते. चार-पाच बायका जेवून पुन्हा मशीनवर बसत होत्या. वहिनींनी मला आतल्या कटिंगच्या टेबलापाशी स्टूल दिले आणि पाणी ठेवले.

मी कोरा कागद काढला. जमा आणि नावे अशा दोन बाजू केल्या नाहीत. फक्त एक ओळ लिहिली: खरेदीदाराकडून येणारे डॉलर, ४०,०००. खाली दुसरी: कर्ज फेडायला लागणारे, ४०,०००. तिसरी: फॉरवर्डमध्ये द्यायचे, ४०,०००.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. बोट पहिल्या ओळीवर, मग तिसरीवर. बाहेरच्या खोलीत एक मशीन थांबून थांबून चालत होते.

"हे तर ऐंशी झाले," त्या म्हणाल्या.

"हो."

"आले चाळीस."

"हो."

"म्हणजे मी विचारलं होतं, डॉलर आजच विकतोय ना, ते..."

"ते बरोबर होतं. कर्ज घेतलं तिथेच तुमचा दर पक्का झाला होता. पंच्याऐंशी बेचाळीस. डॉलर सत्त्याऐंशीवर गेला काय, ऐंशीवर आला काय, तुम्हाला फरक पडणार नव्हता. फॉरवर्ड करायलाच नको होता. तो मी करायला लावला. आणि सोळा-सतरा दिवसांत मला ते कळलं होतं. तेव्हा दहा हजारांत सुटलं असतं. मी गप्प बसलो."

मी व्यवस्थापकांना दिलेल्या पत्राची पोच घेतलेली प्रत टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, पण एक लाख चौदा हजारांच्या ओळीवर थांबल्या नाहीत. पुन्हा माझ्या तीन ओळींकडेच आल्या.

"सोळा दिवसांत कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी तुमच्या आईच्या तेराव्याला आले होते."

"हो, आला होतात."

"मी तेव्हापासून ती वही उघडली नाही, भाऊ. लाज वाटायची. शिवायला बसले तरी मनात यायचं, आपण बँकेत जाऊन किती शहाणपणा दाखवला. ते हसले असतील आपल्याला."

"कोणी हसलं नाही."

"हे हसले ना."

त्या उठल्या. मला वाटले आता मला जायला सांगतील. त्यांनी आतल्या दाराशी जाऊन यजमानांना हाक मारली. ते दुपारच्या झोपेतून उठून, बनियनवर सदरा चढवत आले आणि मला पाहून म्हणाले, "अरे, साहेब? बसा बसा. चहा टाकला का गं?"

"चहा नंतर," वहिनी म्हणाल्या. "भाऊ, आत्ता मला जे सांगितलंत ते यांच्यासमोर सांगा. मला वेगळं सांगून उपयोग नाही. मी एकटीनं खरेदीदाराला हो कळवलं तर हे पुन्हा जुगार म्हणतील."

यजमान स्टुलाच्या शोधात इकडेतिकडे पाहू लागले. स्टूल एकच होते, आणि त्यावर मी बसलो होतो. मी उठलो आणि ते त्यांना दिले. बाहेरच्या बायकांनी मशीन थांबवली होती. त्यांना मराठी कळत नसे, पण काहीतरी चालले आहे एवढे कळत होते. वहिनींनी कागद यजमानांच्या हातात दिला.

मी मघाचेच पुन्हा सांगितले, पहिल्या ओळीपासून. ते ऐकताना यजमानांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांना फॉरवर्ड समजला की नाही मला माहीत नाही. ऐंशी आणि चाळीस मात्र समजले. शेवटी त्यांनी विचारले, "म्हणजे हिचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "वहिनींचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चुकलं ते माझं, आणि मी ते लपवलं. त्यांनी मला विचारलं तेव्हाही मी त्यांना चूक त्यांचीच वाटू दिली. वहिनी, त्याबद्दल मी तुमची माफी मागतो. पैशांबद्दलही मागतो, पण त्याआधी त्याबद्दल."